सोयाबीनचा भाव : ओलावा, प्रत आणि पट्टीचा हिशोब

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा भाव रोज तीन आकड्यांत जाहीर होतो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. त्या दिवशी सगळ्यांत कमी भावाने गेलेल्या ढिगाचा दर म्हणजे किमान, सगळ्यांत जास्त भावाने गेलेल्याचा कमाल आणि बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास विकला गेला तो सर्वसाधारण. एकाच बाजारात, एकाच दुपारी, एकाच पिकाच्या किमान आणि कमाल दरात क्विंटलमागे काही शे रुपयांचं अंतर पडतं. ते अंतर पाडणाऱ्या मुख्य गोष्टी दोन: दाण्यातला ओलावा आणि मालाची प्रत. शेतकऱ्याच्या मोबाइलवर मात्र बहुधा कमाल दर तेवढा पोचतो आणि तोच आपल्यालाही मिळेल असं धरून तो गाडी भरतो.

असाच एक शेतकरी ऑक्टोबरमध्ये दहा क्विंटल सोयाबीन घेऊन यार्डात आला आहे असं धरू. पुढचे भाव आणि खर्च उदाहरणासाठी घेतलेले आहेत. आकडे दर हंगामात बदलतात, हिशोबाची रीत बदलत नाही. आदल्या दिवशीचा कमाल दर त्याने ४,६०० रुपये ऐकला होता. आडतीसमोर कट्टे रिकामे करून ढीग घातला, खरेदीदार ढिगामागून ढीग बघत त्याच्यापाशी आले. एकाने कोपरापर्यंत हात ढिगात घातला, तळातला मूठभर माल वर काढला, तळहातावर पसरला, फुंकर मारली आणि दोन दाणे दाताखाली धरले. दाणा कट्‌कन फुटला नाही, दबला. "मामा, हवा जास्त हाय मालात," एवढं बोलून त्याने ३,९०० रुपये सांगितले. शेजारचा ढीग ४,५६० ला गेला. वाण तोच, शिवारही जवळचंच. सहाशे साठ रुपये कुठे गेले, हा प्रश्न इथून सुरू होतो.

व्यापारी ज्याला 'हवा' म्हणतात ती म्हणजे दाण्यातलं पाणी. ओलावा १६ टक्के म्हणजे १०० किलो सोयाबीनमध्ये १६ किलो पाणी आणि ८४ किलो कोरडा माल. सोयाबीनचा मोठा गिऱ्हाईक तेलगिरणी. तिला दाण्यातलं तेल आणि तेल काढल्यावर उरणारी पेंड हवी असते. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के असतं, पेंडेचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. पाण्याचं यातलं काहीच होत नाही, उलट ते उडवायला इंधन जाळावं लागतं. म्हणून गिरण्यांच्या खरेदीत १० टक्के ओलावा, २ टक्के माती-कचरा आणि २ टक्के डागी दाणा ही चौकट सर्रास वापरली जाते. व्यापारात तिला नुसतं 'दहा-दोन-दोन' म्हणतात. यार्डातला खरेदीदार भाव बोलतो तेव्हा पुढे हा माल गिरणीच्या दारात या चौकटीवर मोजला जाणार आहे, हे त्याच्या डोक्यात असतं.

पाण्याचं वजन हा झाला एक भाग. दुसरा धोका टिकण्याचा. ओला दाणा श्वसन करत राहतो, त्यातून उष्णता आणि आणखी ओल सुटते, थप्पीतला माल आतून तापतो. बुरशी धरते, दाणा तांबूस-काळपट पडतो आणि त्याच्या तेलातली आम्लता वाढते. असं तेल शुद्ध करताना जास्त वाया जातं. बारा टक्क्यांच्या आत वाळवलेला माल कोरड्या गोदामात महिनोन्‌महिने राहतो, तर सोळा-सतरा टक्क्यांचा माल थप्पी मारून ठेवला तर थोड्याच दिवसांत तापू लागतो. ओल्या मालाचा खरेदीदार म्हणून घाईत असतो आणि घाईचा धोकाही तो भावात धरतो.

ओलावा मोजायचं यंत्र हाताएवढं ते डब्याएवढं असतं. त्यात दाणे भरले की दाण्यांचा विजेला होणारा प्रतिसाद मोजला जातो. पाण्याचा आणि कोरड्या दाण्याचा हा गुणधर्म खूप वेगळा असल्यामुळे त्यावरून ओलाव्याची टक्केवारी काढता येते. म्हणजे यंत्र पाणी थेट मोजत नाही, अंदाज बांधतं, आणि तो अंदाज पिकागणिक बदलतो. यंत्र हरभऱ्यावर लावलेलं असेल आणि आत सोयाबीन घातलं तर आकडा चुकणारच. खात्रीची पद्धत प्रयोगशाळेतली: नमुन्याचं वजन करायचं, साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचं आणि किती घटलं ते पाहायचं. यार्डातलं यंत्र अधूनमधून या पद्धतीशी पडताळलं गेलं तरच त्यावर विसंबता येतं.

यंत्र बरोबर असूनही आकडा चुकू शकतो, कारण नमुना चुकतो. ढिगाचा वरचा थर उन्हाने कोरडा झालेला असतो, तळाचा ओला. एकाच गाडीत एखादा कट्टा पावसात भिजलेला असतो. नुसता वरचा नमुना घेतला तर आकडा कमी दिसतो, नेमका भिजलेला कट्टा हाती लागला तर जास्त. म्हणून निरनिराळ्या कट्ट्यांतून, वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ माल काढायचा, एकत्र कालवायचा, त्यातून नमुना घेऊन तीनदा मोजायचा आणि सरासरी धरायची. उन्हातून नुकताच उचललेला गरम दाणा किंवा दवाने वरून ओलसर झालेला दाणा लगेच मोजला तरी आकडा फसवतो. थोडा वेळ सावलीत राहू द्यावा लागतो.

शेतकऱ्याने ढिगातला माल असा कालवून मोजून घेतला. ओलावा भरला १६ टक्के. चाळून पाहिल्यावर माती, काडी आणि शेंगांच्या टरफलांचं मातेरं निघालं १०० ला ४ किलो. शेजारच्या ४,५६० च्या ढिगात ओलावा १२ टक्के होता आणि मातेरं जेमतेम एक टक्का. आता दोन ढिगांची तुलना करता येते.

एक हजार किलोतलं जास्तीचं मातेरं, म्हणजे साधारण ३० किलो, चाळून काढलं की उरतात ९७० किलो. हा माल १६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला तर किती भरेल? इथे चार टक्के वजा करून चालत नाही. कोरडा माल तेवढाच राहतो, फक्त पाणी उडतं. ओला असताना १०० किलोत ८४ किलो कोरडा माल होता, वाळल्यावर १०० किलोत ८८ किलो असेल. म्हणून ९७० ला ८४ ने गुणायचं आणि ८८ ने भागायचं. उत्तर येतं ९२६ किलो. दहा क्विंटलचा ढीग शेजारच्या ढिगाच्या तोडीचा केला तर तो सव्वानऊ क्विंटलच आहे. ४,५६० च्या भावाने त्याचे होतात सुमारे ४२,२०० रुपये. हीच रक्कम मूळच्या दहा क्विंटलवर पसरली तर ओल्या मालाचा न्याय्य भाव येतो क्विंटलला ४,२२० रुपयांच्या आसपास.

सहाशे साठ रुपयांचं कोडं इथे उलगडतं. ४,५६० आणि ४,२२० यांतले ३४० रुपये कुणीच घेतलेले नाहीत. ते पाणी आणि माती होती आणि वाळवून-चाळून आणलं असतं तरी तेवढं वजन घटलंच असतं. राहिलेले ३२० रुपये मात्र खरे गेलेले आहेत. दहा क्विंटलवर ते ३,२०० होतात. दाताखालच्या दाण्यावरून ओलावा जास्त एवढंच कळतं, किती जास्त ते कळत नाही. खरेदीदार मग सतरा-अठरा टक्के धरून चालतो आणि वरून स्वतःच्या वाळवणीचा खर्च व धोका काढतो. मोजलेला आकडा समोर नसला की अंदाजातली सगळी चूक विकणाऱ्याच्या अंगावर पडते.

मग माल परत न्यावा का? वाळवण्या-चाळण्याची मजुरी ७०० रुपये आणि गाडीचं जास्तीचं भाडं ८०० रुपये धरलं तर ४२,२०० तून १,५०० वजा होऊन हातात ४०,७०० उरतात. म्हणजे ओल्या मालाला यार्डातच ४,०७० च्या वर बोली मिळाली तर तिथेच विकणं फायद्याचं आणि त्याखाली मिळाली तर वाळवून आणणं फायद्याचं. ३,९०० च्या बोलीवर आत्ता विकलं तर ३९,००० मिळतील, वाळवून आणलं तर सतराशे रुपये जास्त. दुसऱ्या खरेदीदाराने यंत्रावरचा आकडा बघून ४,१५० दिले असते तर तोच माल परत नेणं तोट्याचं ठरलं असतं. त्या दिवशी तशी बोली आली नाही. बोली मान्य नसेल तर माल न विकण्याचा हक्क शेतकऱ्याचा असतो, तो त्याने वापरला. दरम्यानच्या दिवसांत बाजार खाली आला तर हा हिशोब बिघडतो आणि वर गेला तर आणखी सुधारतो, एवढी जोखीम त्यात राहते.

हाच हिशोब कट्टीची पद्धत तपासायलाही उपयोगी पडतो. ठरलेल्या ओलाव्याच्या वर प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो वजन कापायचं, ही 'एकास एक' कट्टी. १६ वरून १२ टक्क्यांवर येताना एका क्विंटलमागे खरं वजन साडेचार किलोच्या किंचित वर घटतं आणि एकास एकने चार किलो कापले जातात. म्हणजे ही कट्टी शेतकऱ्यावर अन्याय करणारी नाही. पण प्रत्येक टक्क्याला दीड किलो कापले तर कट्टी सहा किलोंवर जाते आणि खऱ्या घटीपेक्षा दीड किलो, म्हणजे क्विंटलला सुमारे ६६ रुपये, जास्तीचे जातात. त्याहून लपलेली गोष्ट दुहेरी कपातीची. लिलावात ओलावा बघूनच भाव कमी बोलला गेला असेल, तर वजनाच्या वेळी त्याच ओलाव्यापोटी पुन्हा किलो कापायचं कारण उरत नाही. ओलाव्याची किंमत भावात तरी लागावी किंवा वजनात, दोन्हींत नाही. हिशोबपट्टी हातात पडली की ढिगाचं प्रत्यक्ष वजन, पट्टीवरचं वजन, लिलावातला भाव, हमाली आणि तोलाई हे आकडे एकाखाली एक लावून पाहिले की दुहेरी कपात लगेच दिसते.

ओलावा उन्हाने जातो, मातेरं चाळणीने. प्रतीच्या बाकीच्या गोष्टी यार्डात पोचेपर्यंत ठरून गेलेल्या असतात. कापणी घाईने केली तर हिरवा आणि सुरकुतलेला दाणा येतो. हिरव्या दाण्यामुळे तेलाला हिरवट झाक येते आणि ती काढायला गिरणीला खर्च येतो. कापून पडलेलं पीक परतीच्या पावसात भिजलं तर दाणा डागी होतो. मळणीयंत्राचा वेग दाण्याच्या कोरडेपणाला न जुळता जास्त ठेवला तर दाणा फुटून डाळ पडते. फुटलेल्या दाण्यातलं तेल हवेच्या थेट संपर्कात येतं आणि लवकर खराब होतं. यातला कुठलाच दोष विक्रीच्या आदल्या रात्री दुरुस्त होत नाही.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या हातात शेवटपर्यंत राहते: भिजलेला माल वेगळा ठेवणं. समजा दहा क्विंटलपैकी आठ क्विंटल चांगला आहे, त्यात डागी दाणा एक टक्का. उरलेले दोन क्विंटल पावसात सापडले, त्यात डागी पंधरा टक्के. दोन्ही एकत्र केले तर सगळ्या दहा क्विंटलांत डागीचं प्रमाण जवळपास चार टक्क्यांवर जातं आणि पूर्ण ढीगच दोनच्या चौकटीबाहेर पडतो. त्याला ४,१०० चा भाव लागला तर ४१,००० रुपये होतात. वेगळे ठेवून आठ क्विंटलला ४,५६० आणि दोन क्विंटलला ३,४०० मिळाले तर ४३,२८० होतात. खराब मालाला मिळालेला कमी भाव डोळ्यांना टोचतो, पण कालवलेल्या ढिगात तोच खराब माल आठ क्विंटल चांगल्या मालाचा भाव खाली ओढतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

वाळवण्यालाही हद्द आहे. ओलावा कुठे थांबवायचा हे न कळल्याने पुष्कळ जण गरजेपेक्षा जास्त वाळवतात. वरच्याच उदाहरणातला माल १२ ऐवजी ८ टक्क्यांवर नेला तर ९२६ किलोचे ८८६ किलो होतात. भाव तोच राहिला तर चाळीस किलो, म्हणजे अठराशे रुपये, उन्हात उडून जातात. शिवाय फार कोरडा दाणा पोती उचलता-टाकताना फुटतो. बारा टक्क्यांवर थांबण्यासाठी घरी यंत्र असलंच पाहिजे असं नाही, साधा वजनकाटा पुरतो. एकदा मोजून ओलावा १६ टक्के निघाला असेल, तर त्यातला ५० किलो स्वच्छ माल वेगळा मोजून त्याच ताडपत्रीच्या एका कोपऱ्यात वाळत घालायचा. त्याचं वजन ४७.७ किलोवर आलं की सगळा माल १२ टक्क्यांवर आला असं समजायचं. माल दोन-तीन बोटं जाडीचाच पसरावा, दिवसातून अनेकदा फिरवावा आणि ऊन कलण्याआधी गोळा करून झाकावा. कोरडा दाणा रात्रीच्या दमट हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो, त्यामुळे उघड्यावर राहिलेल्या मालाची दिवसभराची वाळवण सकाळपर्यंत काही अंशी वाया गेलेली असते.

यंत्र मिळण्याआधीची ढोबळ परीक्षा मिठाची आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं पूर्ण कोरडं मीठ घ्यायचं, त्यात दाणे घालून झाकण लावायचं, चांगलं हलवायचं आणि काही मिनिटं स्थिर ठेवायचं. मीठ बाटलीच्या काचेला चिकटून राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटं खाली पडलं तर त्याच्या आत आहे. बारा की चौदा हे ही परीक्षा सांगत नाही, पण गाडी भरायची की थांबायचं हे ठरवायला तेवढं पुरतं.

हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नियम वेगळा चालतो. यार्डात ओल्या मालाला कमी भाव मिळतो, केंद्रावर तो माल घेतलाच जात नाही. ठरवून दिलेल्या प्रतीत सोयाबीनसाठी ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणि माती-कचरा २ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातले भाव त्याच्या बरेच खाली होते. कापणीच्या वेळी पाऊस झाल्याने केंद्रांवरून मोठ्या प्रमाणात माल परत जाऊ लागला. तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. बाजारभाव हमीभावाच्या खाली असेल तेव्हा १२ टक्क्यांची रेषा ओलांडण्याची किंमत काही किलोंची राहत नाही, दोन्ही भावांतला पूर्ण फरक जातो. अशा हंगामात परत नेऊन वाळवण्याचा खर्च बहुतेक वेळा निघतो.

वाळलेल्या मालाला थांबण्याची सोयही मिळते. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलता येते. गोदामात तापणारा ओला माल तारण म्हणून घेता येत नाही, त्यामुळे हंगामाच्या तोंडच्या गर्दीतून बाहेर पडण्याची ही वाटही ओलाव्याच्या आकड्यातूनच जाते.

इतर पिकांत आकडे बदलतात. तुरीच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. कापसात भारतीय कपास निगम ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण हमीभाव देतं, ८ ते १२ च्या दरम्यान त्या प्रमाणात भाव कमी करतं आणि १२ च्या वर कापूस घेत नाही. प्रत्येक ठिकाणी कोरडा माल किती हे आधी काढायचं, त्याला चांगल्या मालाचा भाव लावायचा, वाळवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करायचा आणि येईल त्या आकड्याशी समोरची बोली ताडून पाहायची. उदाहरणातल्या शेतकऱ्यासाठी तो आकडा ४,०७० होता.